सारांशात गळलेली पायरी

*ताई, नमस्कार. मी पुण्यात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दर बुधवारी सेमिनार असतो. आदल्या रात्री दहापर्यंत वाचनावरचे तीन प्रश्न आणि एक छोटी टिप्पणी मॅडमना पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलायचं. त्याला गुण आहेत. वाचन इंग्रजीत असतं, म्हणून मी आधी मराठीत पानभर सारांश काढते आणि त्यावरूनच प्रश्न तयार करते. मागच्या वेळी मॅडमनी शेरा दिला, ‘याची उत्तरं लेखातच आहेत.’ या बुधवारी बाबासाहेबांचा 1916 चा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध आहे. सारांश सोबत पाठवते. माझे प्रश्न असे: जात म्हणजे काय? जात कोणी निर्माण केली? जात कशी नष्ट होईल? टिप्पणी: ‘हा निबंध आजही महत्त्वाचा आहे.’ यात काय चुकतंय? आणि बाबासाहेबांच्या लेखनावर अवघड प्रश्न विचारलेलं बरं दिसेल का?*

*— एक विद्यार्थिनी, पुणे*

तुझा सारांश वाचला. त्यात चुकीचं विधान एकही नाही. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच गटात लग्न, हे तिचं खरं लक्षण. तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींचे बालविवाह. सुरुवात ब्राह्मण वर्गाने केली, इतरांनी अनुकरण केलं. सगळं बरोबर आहे, पण हे सगळे निष्कर्ष आहेत. वीसेक पानांच्या त्या निबंधात बाबासाहेबांनी सर्वांत जास्त जागा दिली आहे ती एका निष्कर्षावरून दुसऱ्यावर कसं पोचायचं याला. पानभरात बसवायचं म्हटलं की आपण सर्वांत आधी नेमका तोच भाग गाळतो.

मग नुसते निष्कर्ष समोर ठेवून प्रश्न काढायला बसलं की दोनच प्रकारचे प्रश्न सुचतात. एक, ज्याचं उत्तर तोच निष्कर्ष आहे. तुझे पहिले दोन प्रश्न असे आहेत. दुसरा, निबंधापासून इतका लांबचा की निबंध न वाचलेला माणूसही त्यावर दहा मिनिटं बोलू शकेल. तुझा तिसरा प्रश्न तसा आहे. या निबंधात जात कशी नष्ट करावी याची चर्चाच नाही, ती कशी घडली याची आहे. मॅडमचा शेरा पहिल्या प्रकाराबद्दल होता. तिसऱ्या प्रश्नावर त्या बहुधा काही म्हणणार नाहीत, पण वर्गातली चर्चा तिथून भरकटेल.

उपाय सारांश टाकून देण्याचा नाही. इंग्रजी मजकूर पूर्ण परत वाचायचीही गरज नाही. सारांशाच्या प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये पेन्सिलीने ‘म्हणून’ लिहून बघ आणि स्वतःलाच विचार, ‘का म्हणून?’ जिथे तुला कारण आठवतं तिथून पुढे जा. जिथे आठवत नाही, किंवा आठवतं पण पटत नाही, तिथे खूण कर आणि तेवढ्यापुरता मूळ मजकूर उघड. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध सुरुवातीलाच आहे. तुझ्या सारांशात मला अशा तीन-चार जागा दिसल्या. त्यातली एक आपण सावकाश बघू, कारण ती जमली की बाकीच्या तू स्वतः करशील.

तुझ्या सारांशात एके ठिकाणी आहे, ‘एकवचनी जात असूच शकत नाही, जाती नेहमी अनेक असतात.’ आणि शेवटी आहे, ‘सुरुवातीला एकच जात होती.’ ही दोन्ही वाक्यं तू निबंधातूनच घेतली आहेस आणि दोन्ही तिथे खरोखर आहेत. पण शेजारी ठेवली तर ती एकमेकांना छेदतात. घाईत असलेली विद्यार्थिनी इथे लगेच प्रश्न करेल, ‘बाबासाहेबांच्या मांडणीत हा विरोधाभास नाही का?’ हा प्रश्न पाठवलास तर पुन्हा तोच शेरा मिळेल, कारण त्याचं उत्तर लेखात आहे. म्हणून प्रश्न लिहिण्याआधी पान उघडायचं.

पान उघडलं की दिसतं की ही अडचण त्यांना माहीत आहे आणि ती ते सोडवतात. ब्राह्मणांनी स्वतःला आत कोंडून घेतलं, त्याच क्षणी बाकीचे बाहेर कोंडले गेले. अ गटाने बाहेर लग्न करायचं नाही असं ठरवलं की ब गटालाही परिस्थितीमुळे आपल्यातच लग्न करावं लागतं. म्हणजे पहिली जात घडतानाच दुसरी घडते, म्हणून एकटी जात कधी असतच नाही. हे समजावण्यासाठी ते हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी असे पाच समाज घेतात. पहिल्या चारांनी आपापली दारं लावली तर पारशांवर दार बाहेरून बंद होतं आणि त्यामुळे आपोआपच ते आतही कोंडले जातात. काहींनी दार लावलं, इतरांना ते आपल्यावर लावलेलं आढळलं, असं ते म्हणतात.

विरोधाभास मिटला. आता या उदाहरणाकडे जरा थांबून बघ. पारशी कोंडले जातात ते कधी? आधीच्या चारही जणांनी दारं लावल्यावर. फक्त एकानेच लावलं असतं तर? बाकीचे चार आपापसांत सोयरीक करू शकले असते. म्हणजे अ आणि ब असे दोनच गट असतील तर एकाने दार लावणं पुरेसं आहे. पण अ, ब, क, ड असे चार असतील आणि फक्त अ ने दार लावलं, तर ब, क, ड यांच्यातले व्यवहार त्यामुळे थांबत नाहीत. तेवढ्याने एक ब्राह्मण जात आणि एक मोठी अब्राह्मण जात अशा दोनच जाती व्हायला हव्यात. हजारो जाती का झाल्या, हे दार बाहेरून लागण्याने उलगडत नाही.

हा आता तुझा प्रश्न झाला. तो सारांशातून निघाला नसता, आणि सारांश नसता तरी बहुधा निघाला नसता, कारण ती दोन वाक्यं एका पानावर जवळजवळ आली ती सारांशामुळेच. मूळ निबंधात त्यांच्यामध्ये इतर मजकूर आहे. तो असा लिही:

‘शेवटच्या भागात बाबासाहेब म्हणतात की एका गटाने अंतर्विवाह स्वीकारला की दुसऱ्या गटावर तो परिस्थितीने येतो. दोन गटांपुरतं हे पटतं. पण तीन-चार वर्ग बाहेर राहिले असतील तर ते आपापसांत लग्न करू शकतात. मग ब्राह्मणेतरांत अनेक जाती होण्याचं सगळं काम अनुकरण आणि बहिष्कार यांवरच येऊन पडतं का? आणि तसं असेल, तर ‘दार बाहेरून लागणं’ या कारणाने नेमकं किती समजतं?’

त्यात तीन गोष्टी आहेत बघ: निबंधातली जागा, तिथे काय म्हटलंय, आणि तू कुठे अडलीस. ‘समीक्षा करा’ किंवा ‘आपलं मत काय’ असलं काही नाही. शेवटची कसोटी अशी, की याला तुझं स्वतःचं कच्चं का होईना एक उत्तर असलं पाहिजे. मॅडम उलट विचारणारच, ‘तुला काय वाटतं?’ माझं विचारशील तर मला वाटतं की बाबासाहेबांना याची कल्पना आहे, म्हणूनच ते एका कारणावर थांबत नाहीत. अनुकरण ही एक वाट, आणि नियम मोडणाऱ्यांना जातीबाहेर काढल्यावर त्यांची वेगळी जात होणं ही दुसरी. पण वर्गातली एखादी मुलगी म्हणू शकेल की निबंधाच्या शेवटच्या भागातला तोल अनुकरणाकडे फारच झुकला आहे. दोघी पान दाखवून बोलू शकतील. ज्यावर दोन जणींना तोच मजकूर हातात धरून वेगळं बोलता येतं, तो प्रश्न सेमिनारचा.

दुसरा प्रश्न पुराव्याच्या बाजूने काढ. तीनही प्रश्न एकाच प्रकारचे असले की तिसऱ्याला ऐकणारे कंटाळतात, आणि तुलाही तेच तेच बोलावं लागतं. तुझ्या सारांशात आहे, ‘इतर जातींनी ब्राह्मणांचं अनुकरण केलं.’ इथे गळालं आहे ते पुराव्याचं स्वरूप. निबंधात ते गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम घेतात. अनुकरण वरून खाली जातं आणि अंतर वाढेल तसं विरळ होतं. मग म्हणतात की ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही प्रथा कडकपणे पाळल्या, त्याहून दूरच्यांनी सक्तीचं वैधव्य आणि मुलींचे बालविवाह उचलले, आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह, आणि सर्वांत दूरच्यांनी नुसतं जातीत लग्न करण्याचं तत्त्व.

हे आपल्याकडे पडताळून बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रात अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा ‘पाट’ लागत असे, काही भागांत त्यालाच ‘म्होतूर’ म्हणत. उच्च कुळाचा अभिमान सांगणाऱ्या मराठा घराण्यांत मात्र पाट कमीपणाचा मानला जाई. वरवर बघता हे बाबासाहेबांच्या उतरंडीशी जुळतं. पण म्हणून इथे लगेच ‘महाराष्ट्रातल्या उदाहरणाने हे सिद्ध होतं’ असं लिहू नकोस. तार्दच्या नियमातलं अंतर हे मैलांत मोजायचं नाही, ते सामाजिक अंतर आहे. मग ते मोजायचं कशाने? एखादी जात ब्राह्मणांच्या जवळची आहे हे आपण ती विधवाविवाह करत नाही यावरून ठरवलं, आणि ती विधवाविवाह का करत नाही हे ती जवळची आहे म्हणून सांगितलं, तर आपण गोल फिरलो. अंतराचं माप प्रथेपेक्षा वेगळं हवं: पुरोहित कोण, पाणी कोणाच्या हातचं चालतं, जमीन कोणाची, दरबारात जागा कुठे. प्रश्न असा होईल: ‘प्रथा किती उचलल्या हे ज्या सामाजिक अंतरावर अवलंबून आहे असं निबंध म्हणतो, ते अंतर त्या प्रथांपासून स्वतंत्रपणे कसं मोजता येईल? पाट लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या जातींची तुलना करायची झाली तर कोणतं माप घ्यावं?’

या प्रश्नाला जोडून एक गोष्ट हाताशी ठेव, पण पाठवू नकोस. सतीची अनेक ठळक उदाहरणं राजपूत राजघराण्यांतली आहेत. चर्चा रंगली तर तू विचारू शकतेस की उचलला जाणारा नमुना प्रत्येक ठिकाणी ब्राह्मणच होता, की काही ठिकाणी राज्य करणारं घराणं होतं. पुढे 1952 साली एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गवरच्या पुस्तकात वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याच्या या प्रक्रियेला संस्कृतीकरण म्हटलं. ते तुझ्या अभ्यासक्रमात पुढे येईलच. त्यांचं नाव घ्यायचं असेल तर चर्चेत कोणी विचारलं तरच घे. प्रश्नातच दोन-तीन नावं कोंबली की ऐकणाऱ्याला मूळ अडचण सापडत नाही.

इथे एक काळजी मला मनापासून सांगायची आहे. तुझ्या वर्गात वेगवेगळ्या जातींतली मुलंमुली बसलेली असतील. पाटाचा विषय निघाला की कोणाकडे वळून ‘तुमच्यात चालायचं का?’ असं विचारू नकोस, आणि कोणी तुला विचारलं तर सांगायला तू बांधील नाहीस. कोणाच्या घरातली आजी-पणजी हा वर्गाच्या चर्चेसाठी मागवायचा पुरावा नाही. कोणी स्वतःहून सांगितलं तर ते ऐकायचं. आणि तेही एका घराचं उदाहरण आहे, जातीचं नाही, हे लक्षात ठेवून पुढे बोलायचं.

तिसरा प्रश्न निबंधाबाहेर पाय टाकणारा असू दे, पण एकच पाऊल. तुझा ‘जात कशी नष्ट होईल’ हा प्रश्न इथे उपयोगी पडेल, कारण त्यामागची ओढ खरी आहे. फक्त त्याला धरायला जागा हवी, आणि ती बाबासाहेबांच्याच लेखनात मिळते. 1916 च्या निबंधात ते ठामपणे म्हणतात की जात मनूने दिली नाही. ती त्याच्या आधीपासून होती आणि त्याने ती नियमांत बांधली. धर्माची मान्यता म्हणजे शास्त्रीय स्पष्टीकरण असं मानणाऱ्या वृत्तीवर त्यांचा आक्षेप आहे. उपदेशाने जात निर्माण झाली नाही आणि उपदेशाने ती मोडणारही नाही, असंही ते सांगतात. वीस वर्षांनी, 1936 मध्ये, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या पण न झालेल्या भाषणात ते आंतरजातीय विवाहाबरोबर शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा मोडण्यावर भर देतात. सुरुवातीला ज्या शास्त्रांना जातीचं कारण मानलं नाही, तीच शास्त्रं उपायाच्या केंद्रस्थानी कशी आली? विचार बदलला, की जात घडण्याची कारणं आणि ती टिकण्याची कारणं वेगळी आहेत असं त्यांना म्हणायचं आहे? तू 1936 चं भाषण वाचलं असशील तरच हा प्रश्न पाठव. नसशील तर निदान शास्त्रांबद्दलचा भाग मंगळवारी दुपारी वाच. तेवढाही वेळ नसेल तर हा प्रश्न सोड आणि सारांशातली दुसरी खूण केलेली जागा घे. न वाचलेल्या पुस्तकावरचा प्रश्न मॅडमच्या पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळतो.

आता टिप्पणी. ‘आजही महत्त्वाचा आहे’ या वाक्याला कोणी विरोध करणार नाही आणि कोणी त्यावर पुढेही बोलणार नाही. टिप्पणीत एकच म्हणणं हवं, त्याला निबंधातली एक जागा हवी, आणि त्या जागेवरून तुझं म्हणणं कसं निघतं ते दिसायला हवं. पाच-सात वाक्यं पुरतात. मोठ्याने वाचायला मिनिटभर.

हे कसं करायचं याचा सर्वांत चांगला नमुना खुद्द या निबंधात आहे. जातीच्या चार व्याख्या ते घेतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांची. केतकरांची व्याख्या ते मानाने घेतात. केतकर दोन लक्षणं सांगतात: जातीचं सभासदत्व जन्माने मिळतं, आणि जातीबाहेर लग्नाला मनाई असते. बाबासाहेब दोन्ही मान्य करतात आणि मग दाखवतात की ही दोन लक्षणं नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की सभासद जन्मानेच मिळणार. संपूर्ण व्याख्या खोडण्याऐवजी एका सांध्यावर बोट ठेवलं, आणि तिथूनच अंतर्विवाह हे एकमेव लक्षण म्हणून हाती आलं. आधी समोरच्याचं नीट मांडायचं, जेवढं मान्य आहे तेवढं मान्य करायचं, मग एक पायरी पुढे जायचं. तुझी टिप्पणी याच चालीने लिही.

तुझ्या सारांशातली मला सर्वांत जास्त खुपलेली ओळ यासाठी चांगली आहे: ‘अंतर्विवाह टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह.’ तीन प्रथा एका माळेत ओवल्या गेल्या. मूळ युक्तिवाद साध्या गणिताचा आहे. गटातच लग्न करायचं तर लग्नाच्या वयातले स्त्री-पुरुष साधारण सारखे हवेत. नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. नवरा आधी गेला की एक स्त्री जास्तीची उरते, बायको आधी गेली की एक पुरुष. उरलेली विधवा गटाबाहेर लग्न करेल तर अंतर्विवाह मोडेल, गटात करेल तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, किंवा तिच्यावर वैधव्य लादायचं. विधुराचं काय? त्यालाही जाळता येईल, पण तसं होत नाही. त्याची दोन कारणं ते देतात: तो पुरुष आहे, आणि तो गेला तर जातीचा एक धडधाकट माणूस कमी होतो. संन्यास घेतला तरी जातीच्या दृष्टीने तो गेल्यातच जमा, आणि जातीला तर संख्या टिकवायची असते. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून मुलगी आणायची.

यावरची टिप्पणी तुझ्या भाषेत साधारण अशी होईल:

‘मी सारांशात सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह एका ओळीत लिहिले होते. मूळ मजकूर परत पाहिल्यावर दिसलं की पहिल्या दोन प्रथा उरलेल्या विधवेसाठी आहेत आणि तिसरी उरलेल्या विधुरासाठी. विधवेला हिशेबातून काढलं जातं. विधुराला मात्र ठेवून घेण्यासाठी लहान मुलीचा बळी दिला जातो. बाबासाहेब याचं कारण देतात की पुरुष आधीपासूनच वरचढ होता. ही वरचढ स्थिती कुठून आली हे हा निबंध शोधत नाही, ती गृहीत धरतो. त्यामुळे मला वाटतं की या युक्तिवादात स्त्री-पुरुष विषमता जातीतून निघत नाही; जात त्या विषमतेच्या आधारावर उभी राहते. हे वाचन बरोबर असेल तर अंतर्विवाह हे एकमेव कारण उरत नाही, त्याला दुसरं एक लागतं.’

शेवटच्या वाक्यात ‘बरोबर असेल तर’ आहे ते मुद्दाम. टिप्पणी ठाम असावी, पण ती खोडायला जागा कुठे आहे हे तूच दाखवून ठेवावं. कोणी म्हणेल की विषमता आधीची असली तरी ती या रूपात जातीनेच घट्ट केली. उत्तम, मग चर्चा सुरू झाली. इथे मी लिहिलंय तसंच्या तसं पाठवू नकोस. तुला पटलेली जागा वेगळी असू शकेल, आणि न पटलेलं म्हणणं वर्गात दोन मिनिटंही टिकवता येत नाही.

बरं दिसेल का, हे तू विचारलंस. मला हा संकोच कळतो. ज्या माणसामुळे आपल्यातले कित्येक जण या वर्गांत पोचले त्यांच्या युक्तिवादावर बोट ठेवताना हात थबकतो. पण हा निबंध कुठे वाचला गेला ते आठव. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. निबंधाच्या शेवटी ते स्वतः सांगतात की आपला सिद्धांत टिकणारा नाही असं दाखवून दिलं तर तो सोडून द्यायची आपली तयारी आहे. तुझ्या प्रश्नासाठी त्यांनी जागा ठेवलेली आहे. आदर दिसायचा तो तू त्यांचं म्हणणं किती अचूक मांडतेस यात दिसेल. त्यांच्या तोंडी नसलेलं वाक्य घालणं आणि मग ते खोडणं, हे मात्र खरोखर वाईट दिसेल. म्हणून प्रत्येक प्रश्नातलं ‘बाबासाहेब म्हणतात’ नंतरचं वाक्य इंग्रजी मजकुराशी ताडून घे. मराठी सारांश तुझा आहे, त्यात तुझ्याकडून एखादी छटा बदललेली असू शकते.

बुधवारी जाताना तिन्ही प्रश्न एका अर्ध्या कागदावर घे, प्रत्येकासमोर पान क्रमांक, आणि खाली तुझं कच्चं उत्तर एका ओळीत. वर्गात तीनही वाचून दाखवायची घाई करू नकोस. चर्चा दार लागण्याच्या मुद्द्यावर आली की पहिला, अनुकरणावर आली की दुसरा. तुझाच प्रश्न दुसऱ्या कोणी आधी विचारला तर तो पुन्हा विचारू नकोस. तुझ्याकडे त्याचं उत्तर लिहिलेलं आहे, ते दे, आणि कोणत्या पानावरून देते आहेस तेही सांग. टिप्पणी मॅडम सहसा सुरुवातीला विचारतात. ती पाठ करू नकोस, कागद बघून वाचलीस तरी चालेल. फक्त वाचून झाल्यावर थांब आणि पुढचं वाक्य दुसऱ्या कोणाला बोलू दे.